सहा जुलै की सात जून: एका जाहिरातीचे छत्तीस तास

बुधवार, २९ मे २०२४ च्या सकाळी एका मराठी दैनिकात एका कंपनीच्या निकालांची जाहिरात छापून आली. आकडा एकही चुकला नव्हता. तिमाहीचे नाव चुकले होते, वर्षाचे नाव चुकले होते आणि एक तारीख चुकली होती. जाहिरातीचा अनुवाद नवी मुंबईत, नेरूळच्या सारसोळे गावातल्या एका खोलीत झाला होता.

कंपनी आणि माणसे इथे बिननावाची ठेवली आहेत. घटनाक्रम आणि आकडे या कामात नेहमी घडणाऱ्या चुका दाखवण्यासाठी बांधलेले आहेत. पंचांग, नियम आणि ज्या कंपन्यांची नावे येतील त्यांची आर्थिक वर्षे मात्र खरी आहेत.

सोमवार, २७ मे, दुपारी २:१५. अंक वाटला जायला ३९ तास १५ मिनिटे.

जाहिरात संस्थेकडून सारसोळ्याला एक फाइल येते. तिच्यात तक्ता आहे, मथळे आहेत, आकड्यांचे रकाने रिकामे आहेत.

रिकामे असण्याला कारण आहे. संचालक मंडळाची बैठक अजून व्हायची आहे. निकाल त्याआधी बाहेर गेले तर भावावर परिणाम करणारी माहिती फुटली असे होते. म्हणून सांगाडा आधी पाठवतात आणि आकडे मागाहून. अनुवादाचे निम्मे काम अशा रीतीने बैठकीआधीच उरकते.

घाईलाही कारण आहे. सेबीच्या सूचिबद्धतेच्या नियमावलीतला ४७ वा नियम तेव्हा सांगत होता, की नोंदणीकृत कार्यालय ज्या प्रदेशात असेल त्या प्रदेशाच्या भाषेतल्या एका दैनिकात निकाल प्रसिद्ध झाले पाहिजेत. बैठक संपल्यापासून मुदत ४८ तासांची. कार्यालय ठाणे-बेलापूर पट्ट्यात असेल तर ती भाषा मराठी.

सांगाडा हातात आला तेव्हा मथळा तपासायला शेजारी आकडा नव्हता. पुढचे बरेचसे याच एका गोष्टीतून घडले.

दुपारी २:४०

अनुवादिका गेल्या वर्षीच्या जाहिरातीची फाइल उघडते आणि नव्या नावाने साठवते. छोट्या कचेऱ्यांत असेच चालते. मथळ्यांचे शब्द ठरलेले असतात, तारखा तेवढ्या बदलायच्या.

गेल्या वर्षीची जाहिरात जानेवारी ते डिसेंबर २०२२ या वर्षाची होती. परदेशी पालक कंपनीचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणून इथल्या कंपनीचेही तेच. कंपनी कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले पाहिजे. परदेशी कंपनीशी हिशेब जुळवायचा असेल तर परवानगी घेऊन वेगळे वर्ष ठेवता येते. ही कंपनी आता एप्रिल-मार्चकडे वळली आहे. त्यासाठी चालू हिशेबाचा काळ तिने १ जानेवारी २०२३ ते ३१ मार्च २०२४ असा लांबवला आहे. म्हणजे पंधरा महिने.

हे सारसोळ्याला कोणी सांगितलेले नाही.

दुपारी ३:१०

तक्त्यात पाच रकाने आहेत: `Q1 2024`, `Q4 2023`, `Q1 2023`, `15M`, `FY 2022`. ही नावे पालक कंपनीच्या हिशेबप्रणालीतली. भारतीय नमुन्यात तिमाहीला क्रमांक नसतो, ती ज्या दिवशी संपली तो दिवस असतो. कोणीतरी प्रणालीतून तक्ता काढला आणि मथळे तसेच राहू दिले.

पहिल्या रकान्याचे मराठी होते: पहिली तिमाही २०२४.

जानेवारी ते मार्च २०२४ या तीन महिन्यांना किती नावे आहेत ते पाहू. पालक कंपनीच्या लेखी ती पहिली तिमाही. एप्रिल-मार्च पाळणाऱ्या भारतीय कंपनीच्या लेखी ती २०२३-२४ ची चौथी. ऐरोलीजवळ मोठा कारखाना असलेल्या सीमेन्स लिमिटेडचे वर्ष तेव्हा ऑक्टोबर ते सप्टेंबर होते, तिच्या लेखी ती दुसरी. आणि पंधरा महिन्यांच्या काळात चालू असलेल्या या कंपनीच्या लेखी ती पाचवी. दिवस तेच, बिले तीच, क्रमांक चार.

मराठी दैनिक वाचणारा गुंतवणूकदार पहिली तिमाही म्हटले की एप्रिल ते जून समजतो. आज २७ मे आहे. ती तिमाही संपायला अजून चौतीस दिवस आहेत, तिचे निकाल असूच शकत नाहीत. मथळा लिहिताना भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एकदा पाहिले असते तर ‘पहिली’ हा शब्द तिथेच थांबला असता.

करायचे काम साधे होते. क्रमांकाचे भाषांतर करायचेच नाही. शेवटचा दिवस शोधायचा आणि लिहायचे: ३१ मार्च २०२४ रोजी संपलेली तिमाही. क्रमांकाला अर्थ येण्यासाठी वर्ष कुठून सुरू होते हे ठाऊक असावे लागते. शेवटच्या दिवसाला ते लागत नाही.

दुपारी ३:२५

`FY 2022` चे ‘आर्थिक वर्ष २०२२’ होते. त्याखाली तारीख नाही.

इथे जरा थांबायला हवे, कारण ही चूक दिसत नाही. भारतात सर्रास जे ‘एफवाय २२’ म्हणतात ते एप्रिल २०२१ ते मार्च २०२२. वर्ष ज्या साली संपते त्याचे नाव. या कंपनीचे २०२२ मात्र जानेवारी ते डिसेंबर आहे. दोन्हींत सामाईक महिने तीनच.

जपानी अहवालांत तर गुंता आणखी बारीक आहे. तिथले वर्षही बहुतेक एप्रिल ते मार्चच असते, त्यामुळे अनुवादक निश्चिंत होतो. पण मार्च २०२४ मध्ये संपलेल्या बारा महिन्यांना सोनी आपल्या इंग्रजी अहवालात २०२३ म्हणते आणि टोयोटा २०२४. एकीने सुरुवातीचे साल घेतले, दुसरीने शेवटचे. एकाच देशातल्या, एकाच दिवशी वर्ष संपवणाऱ्या दोन कंपन्या. देशावरून नियम ठरवता येत नाही. प्रत्येक अहवालात ‘अमुक दिवशी संपलेले वर्ष’ ही ओळ शोधावी लागते. ती बहुधा ताळेबंदाच्या डोक्यावर असते.

सांगाड्यात ताळेबंद नव्हता.

दुपारी ३:४०

चौथ्या रकान्यापाशी तिचा हात थांबतो. `15M`. गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये त्या जागी ‘संपलेले वर्ष’ आहे.

ती संस्थेला विचारते. प्रश्न बरोबर आहे आणि वेळेवर विचारलेला आहे: “१५ एम म्हणजे काय लिहायचं?”

दुपारी ४:०५

उत्तर येते: “वायटीडी आहे. मागच्या वेळेसारखंच ठेवा.”

वायटीडी म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासून आजवर. उत्तर देणाऱ्याने हिशेब पाहिलेला नाही, रकान्याची जागा पाहिली आहे. ती ‘संपलेले वर्ष’ तसेच ठेवते.

पंधरा महिन्यांचा काळ ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. एसीसी आणि अंबुजा सिमेंट यांनी डिसेंबरवरून मार्चवर येताना जानेवारी २०२२ ते मार्च २०२३ असे पंधरा महिने एकत्र धरले. नेस्ले इंडियाने जानेवारी २०२३ ते मार्च २०२४ असे धरले. अशा तक्त्यात तो रकाना ‘पंधरा महिने’ असाच लिहावा लागतो आणि शेजारचा बारा महिन्यांचा आहे, दोन्हींची थेट तुलना होत नाही, अशी टीप लागते. `15M` मधला १५ पडद्यावर समोर होता. उत्तर मिळाल्यावर तो कोणी पुन्हा वाचला नाही.

सायंकाळी ५:१०. ३६ तास २० मिनिटे.

बैठक संपते. ४८ तासांचे घड्याळ सुरू होते. बुधवारी सायंकाळी ५:१० पर्यंत जाहिरात प्रसिद्ध झाली पाहिजे. दैनिक एकदाच निघते, म्हणजे खरी मुदत बुधवारचा सकाळचा अंक.

सायंकाळी ५:३६

निकाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर चढतात. इंग्रजी दस्तऐवजात महिन्यांची संख्या शब्दांत लिहिलेली आहे: पंधरा महिने. लाभांश शेअरमागे १२ रुपये. रेकॉर्ड डेट, म्हणजे ज्या दिवशी शेअर नावावर असला पाहिजे तो दिवस, अक्षरी लिहिलेला आहे: ७ जून २०२४.

सारसोळ्याला हवी असलेली प्रत्येक गोष्ट या क्षणापासून सगळ्यांसाठी खुली आहे.

सायंकाळी ७:५०

संस्थेची मेल येते. बाजाराला दिलेला दस्तऐवज तिच्यात नाही. दोन फाइली आहेत: आकड्यांचा तक्ता आणि टिपांची `notes.csv`. दोन्ही पालक कंपनीच्या प्रणालीतून काढलेल्या, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. साध्या मजकूर-संपादकात दुसरी फाइल अशी दिसली असती:

```
Board Meeting,05/27/2024
Record Date,06/07/2024
AGM,07/25/2024
```

तशी पाहिली तर शंका उरत नाही. सत्ताविसावा आणि पंचविसावा महिना नसतो, म्हणून पहिला आकडा महिन्याचा. तोच क्रम मधल्या ओळीला लागू. ७ जून.

पण ती फाइल एक्सेलमध्ये उघडते, आणि सारसोळ्यातला संगणक भारतीय मांडणीवर आहे. त्या मांडणीत दिवस आधी येतो. `05/27/2024` ही एक्सेलला तारीख वाटत नाही. तो ती मजकूर म्हणून जशीच्या तशी सोडतो. `07/25/2024` चेही तेच. `06/07/2024` मात्र त्याला व्यवस्थित तारीख वाटते. तो ती ६ जुलै म्हणून ओळखतो आणि आपल्या पद्धतीने पुन्हा लिहितो: `06-07-2024`.

पडद्यावर आता तीन ओळी आहेत. दोन रकान्याच्या डाव्या कडेला, तिरप्या रेघांसह. एक उजव्या कडेला, आडव्या रेघांसह. एक्सेल मजकूर डावीकडे चिकटवतो आणि तारीख उजवीकडे. एकाच स्तंभातल्या तारखा दोन कडांना विभागल्या गेल्या, तर जी ओळ नीटनेटकी दिसते तीच बिघडलेली असते. दिवस १२ किंवा त्याहून कमी असलेल्या तारखा अशा निमूट उलटतात, बाकीच्या अडून बसतात.

ती विस्कटलेल्या दोन ओळी डोळ्यांनी नीट लावते: २७ मे, २५ जुलै. मधली ओळ आधीच नीट आहे.

रात्री ८:१५

मराठी मजकुरात ती लिहिते: रेकॉर्ड डेट ६ जुलै २०२४. महिना अक्षरी लिहावा, हा तिच्या कामातला चांगला नियम आहे. वाचकाला संभ्रम राहत नाही.

संभ्रमाची खूण मात्र इथेच पुसली गेली. `06/07` पाहून पुढच्या कोणाला तरी विचारावेसे वाटले असते. ‘६ जुलै’ पाहून कोणालाच वाटणार नाही. अक्षरी महिना लिहिण्याचा अधिकार अनुवादकाला मूळ तारीख दुसऱ्या ठिकाणी पडताळल्यावरच येतो, आणि ते दुसरे ठिकाण २ तास ३९ मिनिटांपासून उघडे होते.

मंगळवार, २८ मे, सकाळी १०:००. १९ तास ३० मिनिटे.

आकडे ओतले जातात. उत्पन्न, कोटी रुपयांत: पहिल्या रकान्यात २९४, दुसऱ्यात २९८, तिसऱ्यात ३१२. ‘संपलेले वर्ष’ या रकान्यात १,५००. ‘आर्थिक वर्ष २०२२’ मध्ये १,२६०.

सकाळी ११:४५

मुद्रितशोधन करणारे काका बँकेतून निवृत्त झालेले. ते आकडे बोटाने वाचतात आणि थांबतात.

“ताई, तिमाहीला उत्पन्न घटलंय. तीनशे बाराचं दोनशे चौऱ्याण्णव. आणि वर्षाला मात्र दोनशे चाळीस कोटींनी वाढलंय. हे कसं काय?”

“काका, आकडे कंपनीचे आहेत. आपण मथळे बघायचे.”

काकांनी मथळ्यातलीच चूक पकडली होती. तिमाहीचे आकडे ३०० च्या आसपास आहेत. चार तिमाह्यांचे होतात १,२००. १,५०० व्हायला पाच लागतात. एवढा गुणाकार केला की रकाना वर्षाचा नाही हे कळते. मग महिन्याचा हिशेब करायचा: १,५०० भागिले पंधरा, म्हणजे १०० कोटी. १,२६० भागिले बारा, म्हणजे १०५ कोटी. कंपनीचे मासिक उत्पन्न जवळपास पाच टक्क्यांनी घटले आहे. ‘वर्ष’ या मथळ्याखाली तेच आकडे एकोणीस टक्क्यांची वाढ दाखवतात.

काका पुढच्या ओळीवर जातात.

दुपारी २:३०

जाहिरातीतल्या तारखांवर शेवटची नजर फिरते. ६ जुलै २०२४ हा शनिवार आहे. शनिवारी बाजार बंद असतो आणि कंपन्या रेकॉर्ड डेट सहसा कामकाजाच्या दिवशी ठेवतात. ७ जून शुक्रवार आहे. तारखेशेजारी वार लिहिण्याची पद्धत असती तर ‘शनिवार’ हा शब्द टंकताना कोणाचा तरी हात अडखळला असता. तशी पद्धत नव्हती.

दुपारी ४:००

मजकूर युनिकोडमधून दैनिकाच्या जाहिरात विभागाला लागणाऱ्या श्री-लिपीच्या टंकात बदलला जातो. काही जोडाक्षरे तुटतात. तासभर त्यातच जातो. शेवटच्या तपासणीचा वेळ तुटलेल्या ‘र्‍या’ आणि ‘क्ष’ यांनी खाल्ला.

सायंकाळी ६:२०

प्रूफ कंपनीकडे जाते. कंपनीत तपासणारा तक्त्यातला प्रत्येक आकडा इंग्रजी तक्त्याशी ताडून पाहतो. सगळे जुळतात. मथळे मराठीत आहेत. ते अनुवादकाने पाहिलेले आहेत असे तो धरून चालतो. आकडे कंपनीचे आहेत असे सारसोळ्याने धरले होते. मथळा आणि त्याखालचा आकडा एकत्र वाचणे हे कोणाचेच काम राहिले नाही.

रात्री ८:४५

“ओके फॉर प्रिंट.”

रात्री ९:००

पान बंद होते.

बुधवार, २९ मे, पहाटे ५:३०

अंक वाटपाला जातो.

सकाळी ९:१५

बाजार उघडतो. जाहिरातीप्रमाणे कंपनीने पहिल्या तिमाहीचे निकाल दिले आहेत, वर्षाचे उत्पन्न १,२६० वरून १,५०० कोटींवर गेले आहे, आणि शेअरमागे १२ रुपये मिळवायला जुलैपर्यंत वेळ आहे. प्रत्यक्षात शेवटचा दिवस ६ जून. भारतात जानेवारी २०२३ अखेरीपासून सर्व शेअरचे व्यवहार पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पुरे होतात, त्यामुळे शेअर रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवशीपर्यंत घ्यावा लागतो. ७ जूनला बाजार उघडेल तेव्हा त्यावर लाभांशाचा हक्क नसेल.

सकाळी १०:५०

एका भागधारकाचा कंपनीत फोन येतो. त्याने दोन्ही भाषांतल्या जाहिराती पाहिल्या आहेत. इंग्रजीत जून आहे, मराठीत जुलै. खरे कोणते?

सकाळी ११:३०

फोन सारसोळ्याला पोहोचतो. `notes.csv` पुन्हा उघडली जाते, या वेळी साध्या संपादकात. तीन ओळी, तिरप्या रेघा, महिना आधी.

सायंकाळी ५:१०

४८ तास संपतात.

गुरुवार, ३० मे, पहाटे ५:३०

शुद्धिपत्र छापून येते. मूळ जाहिरातीहून कितीतरी लहान. त्यात एकच दुरुस्ती आहे: रेकॉर्ड डेट ७ जून २०२४ अशी वाचावी. रकान्यांच्या मथळ्यांबद्दल त्यात काही नाही. त्याबद्दल फोन आला नव्हता.

बुधवार, १४ ऑगस्ट २०२४

जून तिमाहीचे निकाल देण्याचा शेवटचा दिवस, तिमाही संपल्यापासून पंचेचाळिसावा. त्या जाहिरातीतही मागील पूर्ण काळाचा एक रकाना असतो. सारसोळ्यात आधीची फाइल उघडून नव्या नावाने साठवली जाते. चौथ्या रकान्यात १,५०० आहे, आणि त्यावर लिहिले आहे: ३१ मार्च २०२४ रोजी संपलेले वर्ष.